व्हीपीएफमध्ये ५,००० टाकले, हातातले पूर्ण ५,००० गेले, टॅक्स मात्र तेवढाच?

प्रश्न: सर, मी नाशिकच्या अंबडला कंपनीत आहे. बेसिक-डीए ५०,०००, ग्रॉस ९५,०००. सोबतचा म्हणाला व्हीपीएफ, म्हणजे नेहमीच्या पीएफवर आपण स्वतःहून टाकायचा जादा पीएफ, टाकला की टॅक्स वाचतो, म्हणून एप्रिल २०२५ पासून महिना ५,००० चालू केला. टॅक्स एक रुपया कमी झाला नाही, हातातले मात्र सरळ ५,००० गेले. पेरोलवाल्यांनी चूक केलीय का? घराचं कर्ज आहे, वर्षाला व्याज २ लाख आणि मुद्दल ३०,००० जातं. व्हीपीएफचा फायदा घ्यायला टॅक्सची जुनी रिजीम घेऊ का?

उत्तर:

पेरोलने चूक केलेली नाही. आणि जुनी रिजीम घेऊ नका, निदान या आकड्यांवर तरी नको. सातपूर-अंबड पट्ट्यात मी बावीस वर्षं पेरोल केलाय आणि दर एप्रिल-मेमध्ये स्लिप हातात धरून हाच प्रश्न घेऊन कोणीतरी यायचंच, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमची स्लिप समोर ठेवा. डाव्या बाजूला कमाई, ९५,०००. उजव्या बाजूला कपात. व्हीपीएफच्या आधी तिथे पीएफ ६,००० म्हणजे ५०,००० चे १२ टक्के आणि प्रोफेशनल टॅक्स २०० असणार, म्हणजे हातात ८८,८००. आता त्याच बाजूला व्हीपीएफची ५,००० ची एक ओळ वाढली आणि हातात ८३,८०० राहिले. डाव्या बाजूचा आकडा हललाच नाही, आणि घोळ इथेच होतो. लोकांना वाटतं व्हीपीएफ म्हणजे पगारच कमी झाला, मग टॅक्सही कमी पगारावर लागेल. तसं नसतं. पगार पूर्ण ९५,००० च धरला जातो, फॉर्म १६ मध्येही ग्रॉस तेवढाच दिसतो, त्यातले ५,००० तुम्ही स्वतःच्या पीएफ खात्यात टाकले एवढंच. कंपनी त्यावर तिचा एक रुपयाही जास्त घालत नाही, तिचा हिस्सा आधीच्या १२ टक्क्यांवरच थांबतो.

मग टॅक्स वाचतो हे आलं कुठून? ते जुन्या रिजीममधून आलं. तिथे ८०सी नावाचा दीड लाखाचा डबा आहे. त्यात तुमचा रोजचा पीएफ, व्हीपीएफ, एलआयसीचा हप्ता, पीपीएफ, कर्जाचं मुद्दल, मुलांची ट्युशन फी असं सगळं जातं, आणि डब्यात जेवढं भरलं तेवढं टॅक्सच्या उत्पन्नातून वजा होतं. नव्या रिजीममध्ये हा डबाच नाही. २०२३-२४ पासून नवी रिजीम डिफॉल्ट झालीय, तुम्ही कंपनीला काही कळवलं नाही तर तुम्ही आपोआप नव्यात. तुमचंही तेच झालंय.

आता नव्या रिजीममध्ये तुमचा टॅक्स किती होतो ते बघू. वर्षाचा ग्रॉस ११,४०,०००. त्यातून स्टँडर्ड डिडक्शन ७५,००० गेलं की राहिले १०,६५,०००. २०२५-२६ मध्ये नव्या रिजीमला टॅक्सेबल उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर रिबेटमुळे टॅक्स शून्य. म्हणजे तुमचा टॅक्स व्हीपीएफ नव्हता तेव्हाही शून्य होता, आता आहे तेव्हाही शून्यच आहे. जो टॅक्स लागतच नाही तो वाचणार कुठून? म्हणून तुमचा प्रत्येक जादाचा रुपया हातातून पूर्ण रुपयाच जातो. हिशोब बरोबर आहे.

सोबतच्याचं म्हणणं जुन्या रिजीमसाठी खरं होतं, पण तिथेही पूर्ण नाही. तुमचेच आकडे जुन्यात घालून बघू. ११,४०,००० मधून स्टँडर्ड डिडक्शन ५०,००० (जुन्यात अजून तेवढंच आहे), प्रोफेशनल टॅक्सचे वर्षाचे २,५००, घरकर्जाचं व्याज २ लाख. राहिले ८,८७,५००. आता ८०सी चा डबा. त्यात तुमचा पीएफ ७२,००० आणि मुद्दल ३०,००० असे १,०२,००० आधीच पडलेत, जागा उरली ४८,००० ची. व्हीपीएफ न टाकता टॅक्सेबल ७,८५,५०० आणि टॅक्स सेससकट ७२,३८४. म्हणजे महिन्याला ६,०३२ कट.

आता व्हीपीएफ टाका. वर्षाचे ६०,००० जाणार, पण डब्यात जागा ४८,००० चीच आहे, वरचे १२,००० बाहेर सांडले, त्यांना टॅक्समध्ये काही किंमत नाही. टॅक्सेबल ७,३७,५००, टॅक्स ६२,४००, महिन्याला ५,२००. वाचले किती, वर्षाला ९,९८४. तुम्ही २० टक्क्याच्या स्लॅबमध्ये आहात, त्यावर ४ टक्के सेस, म्हणजे डब्यात बसणाऱ्या प्रत्येक रुपयामागे २०.८० पैसे परत. महिन्याच्या ५,००० पैकी पहिल्या ४,००० साठी हातातून ३,१६८ च जातात आणि शेवटच्या १,००० साठी पूर्ण १,०००. एकूण हातातले ४,१६८ कमी होतात. सोबतच्याच्या स्लिपवर त्याला असंच काहीतरी दिसलं असणार आणि त्याने ते तुम्हाला सांगितलं. कोणी ३० टक्क्याच्या स्लॅबमध्ये असेल आणि डब्यात जागा असेल तर रुपयामागे ३१.२० पैसे परत येतात. ५ टक्क्याच्या स्लॅबमध्ये जेमतेम ५.२० पैसे.

पण आता दोन्ही स्लिप शेजारी ठेवा. व्हीपीएफ चालू ठेवून नव्या रिजीममध्ये हातात ८३,८००. तोच व्हीपीएफ जुन्यात, तर ९५,००० मधून ६,००० पीएफ, २०० प्रोफेशनल टॅक्स, ५,००० व्हीपीएफ आणि ५,२०० टॅक्स जाऊन हातात ७८,६००. वर्षाला ९,९८४ वाचवायला म्हणून तुम्ही जुन्यात जाल आणि ६२,४०० चा टॅक्स भराल जो नव्यात शून्य आहे. ही चूक मी चांगल्या शिकलेल्या माणसांना करताना बघितलीय, कारण डिक्लेरेशन फॉर्मवर ८०सी चे रकाने फक्त जुन्या रिजीमलाच उघडतात आणि रकाने भरता येतात म्हणजे काहीतरी वाचतंय असं वाटतं. वाचलं किती ते बघू नका, शेवटी भरला किती ते बघा. नोकरदाराला, धंद्याचं उत्पन्न नसेल तर, वेळेत रिटर्न भरताना दरवर्षी रिजीम बदलता येते, त्यामुळे कंपनीला चुकून जुनी कळवली असेल तरी वाट बंद होत नाही, जास्तीचा टीडीएस रिफंडमध्ये येतो.

आता एक गोष्ट जी तुम्ही विचारली नाही पण पुढच्या एक-दोन इन्क्रिमेंटला तुमच्यावर येईल. नव्या रिजीममध्ये पगारदाराची शून्य टॅक्सची रेषा १२,७५,००० ग्रॉसवर आहे. आमच्याकडे एक जण होता, ग्रॉस १३,०५,०००. तो म्हणाला, मी ३०,००० रेषेच्या वर आहे ना, मग ३०,००० व्हीपीएफ टाकतो, रेषेखाली येतो. ऐकायला एकदम बरोबर वाटतं. पण वर सांगितलं तसं नव्या रिजीममध्ये व्हीपीएफने टॅक्सेबल पगार कमी होत नाही, तो १२,३०,००० च राहिला. स्लॅबप्रमाणे टॅक्स ६४,५०० होतो, पण मार्जिनल रिलीफ मिळते म्हणजे १२ लाखांवर जेवढं उत्पन्न आहे त्यापेक्षा जास्त टॅक्स घेत नाहीत, म्हणून ३०,००० आणि सेस धरून ३१,२००. त्याचे व्हीपीएफचे ३०,००० गेले आणि टॅक्सचे ३१,२०० पण गेले. मार्चच्या स्लिपवर त्याचा चेहरा मला अजून आठवतो, कारण तो आधी विचारायला आला असता तर वाट होती. नव्या रिजीममध्येही कंपनीने तुमच्या एनपीएस म्हणजे पेन्शनच्या खात्यात भरलेली रक्कम बेसिक-डीएच्या १४ टक्क्यांपर्यंत वजा होते. कंपनी तयार असेल तर स्पेशल अलाउन्समधले ३०,००० कंपनीच्या एनपीएस हिश्शात वळवायचे, टॅक्सेबल बरोबर १२ लाखांवर येतो आणि टॅक्स शून्य. तुम्ही स्वतः एनपीएसमध्ये भरलेले चालत नाहीत, कंपनीच्याच हिश्शातून जायला पाहिजेत. आणि तो पैसा साधारण साठीपर्यंत अडकतो हेही ध्यानात ठेवा, फक्त टॅक्ससाठी घरखर्चाचा पैसा तिकडे टाकू नका.

मग नव्या रिजीममध्ये व्हीपीएफ टाकायचाच कशाला? व्याजासाठी. २०२३-२४ आणि २०२४-२५ दोन्ही वर्षांना ईपीएफओने ८.२५ टक्के दिलेत, आणि पीएफच्या व्याजावरचा टॅक्स नव्या रिजीममध्येही माफ आहे, एका हद्दीपर्यंत. ती हद्द म्हणजे तुमचा स्वतःचा हिस्सा, पीएफ अधिक व्हीपीएफ, वर्षाला २.५ लाख. एप्रिल २०२१ पासून आलेला नियम आहे. कंपनीचा हिस्सा यात मोजत नाहीत. तुमचे ७२,००० आणि ६०,००० मिळून १,३२,००० होतात, हद्दीच्या खूप आत, व्याजावर काही लागणार नाही. तरी स्पष्टच सांगतो, तुमच्या केसमध्ये आज बँकेच्या एफडीचं व्याज धरूनसुद्धा उत्पन्न १२ लाखांच्या आतच राहील, त्यामुळे टॅक्सचा मुद्दा दोन्हीकडे सारखाच शून्य आहे आणि तुमच्यापुरती तुलना फक्त दराची आहे. पगार रेषेच्या वर गेला की मग टॅक्समाफ व्याजाला खरी किंमत येते.

हद्दीच्या पलीकडे काय होतं तेही सांगतो, कारण मोठ्या पगारवाल्यांचा इथे गैरसमज असतो. समजा बेसिक १,२०,०००. त्याचा पीएफ १४,४००, वर्षाचा १,७२,८००. म्हणजे हद्दीपर्यंत जागा उरली ७७,२०० ची, महिन्याला सुमारे ६,४३० ची. त्याने २०,००० व्हीपीएफ लावला तर महिन्याला ३४,४०० जाणार, नोव्हेंबरच्या पगाराला तो अडीच लाख ओलांडणार आणि वर्षाचा हिस्सा ४,१२,८०० होणार. वरचे १,६२,८०० खात्यात वेगळे मोजले जातात. त्यांच्यावरचं व्याज दरवर्षी त्याच्या उत्पन्नात धरलं जातं, ते हातात आलं नसलं तरी, आणि एकदा वेगळं गेलेलं ते वेगळंच राहतं, पुढच्या वर्षी व्हीपीएफ बंद केला तरी त्या रकमेवरचं व्याज टॅक्सेबलच. ३० टक्क्याच्या स्लॅबमध्ये ८.२५ चे हातात राहतात ५.६८. हे व्याज वर्षाला ५,००० च्या वर गेलं तर १० टक्के टीडीएस कटतो आणि रिटर्नच्या वेळी टॅक्स पोर्टलवरच्या एआयएस स्टेटमेंटमध्ये दिसतो, तिथे बघायला विसरलात तर नंतर नोटीस येते. म्हणून अशा माणसाला मी सांगतो की ६,४०० वर थांब, त्यापुढचा रुपया दुसरीकडे लाव.

आता चुका कुठे होतात. पहिली चूक माझ्याच हातून झालीय. एका कामगाराने फॉर्मवर व्हीपीएफच्या रकान्यात २० टक्के लिहिलं. त्याच्या मनात एकूण २० म्हणजे १२ चा पीएफ आणि वरचे ८. मी सिस्टीममध्ये वरचे २० टाकले. बेसिक ४५,०००, जायला पाहिजे होते ३,६००, गेले ९,०००. पगाराच्या दिवशी तो माणूस सातपूरच्या ऑफिसला आला, हप्ता बाउन्स झाला होता. एकदा पैसे ईपीएफओला भरले की ते परत मागवणं जवळपास होत नाही, पुढच्या महिन्यापासून दुरुस्त करायचं एवढंच हातात. तेव्हापासून मी सगळ्यांना टक्के नको, रुपयात लिहा म्हणून सांगतो. कंपनी टक्केच घेत असेल तर फॉर्मवर शब्दात लिहा, "१२ टक्क्यांच्या वर जादा इतके".

टक्क्यात व्हीपीएफ लावला की दुसरा त्रास एरियर्सच्या महिन्यात होतो. आपल्याकडे वेज सेटलमेंट लांबतं, दीड-दोन वर्षांचे एरियर्स एकदम निघतात. त्या एरियर्समध्ये जेवढा बेसिक-डीए असतो त्यावर १२ टक्के पीएफ तर कटतोच, वरून व्हीपीएफचे टक्केही कटू शकतात. १ लाख बेसिकचे एरियर्स आले आणि व्हीपीएफ १० टक्के असेल तर २२,००० तिथेच गेले, आणि ज्याने त्या पैशांवर मुलीच्या कॉलेजची फी धरलेली असते तो अडकतो. सेटलमेंटची सही झाल्याची बातमी आली की एरियर्स निघायच्या आधी पेरोलला विचारा, तुमचा व्हीपीएफ एरियर्सवर लागणार का.

आणि कट झालेला पैसा खात्यात पोचला का हे पासबुकात बघायचं. तिथे व्हीपीएफ नावाची वेगळी ओळ शोधू नका, नसते. Employee Share च्या रकान्यात तुमचे ६,००० च्या जागी ११,००० दिसले पाहिजेत. कंपनीला पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचं असतं, म्हणजे मे महिन्याचा कट जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पासबुकात शोधा. स्लिपवर ११,००० आणि पासबुकात ६,००० असेल तर लगेच लेखी मेल टाका. व्याज मात्र दर महिन्याच्या शिलकीवर मोजून वर्ष संपल्यावर जमा होतं, म्हणून पहिल्या वर्षी ६०,००० वर पूर्ण ८.२५ टक्के शोधू नका, सव्वादोन हजारांच्या आसपासच येतील आणि तेही उशिरा दिसतील.

तुमच्यापुरतं बोलायचं तर रिजीम नवीच ठेवा. ५,००० हातातून गेले तर घराचा हप्ता आणि खर्च भागतो का ते बघा, कारण हा पैसा सेव्हिंग खात्यासारखा कधीही काढता येत नाही, आणि सलग पाच वर्षं नोकरी व्हायच्या आत पीएफ काढला तर टॅक्स लागतो (आधीच्या कंपनीचा पीएफ ट्रान्सफर केला असेल तर ती वर्षंही मोजतात, केला नसेल तर आधी ते करा). घरकर्जाचा दर तुमच्या स्टेटमेंटवर बघा. तो ८.२५ च्या वर असेल तर हेच ५,००० कर्जाच्या मुद्दलात टाकलेले तुम्हाला जास्त फायद्याचे पडतात, कारण नव्या रिजीममध्ये राहत्या घराच्या व्याजाची सूट तुम्हाला मिळतच नाहीये. तो ८.२५ च्या खाली असेल तर व्हीपीएफ चालू ठेवा. बऱ्याच कंपन्या व्हीपीएफ वर्षात एकदा किंवा दोनदाच बदलू देतात, तेव्हा ती तारीख एचआरकडून आजच विचारून घ्या.